घशाला लागते

आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला मसाला म्हणत नाहीत. चटणी म्हणतात. सांगलीत उन्हाळा लागला की घराघरांत वर्षाची चटणी होते. अंगणात मिरची वाळत पडते, देठं काढायला शेजारणी येतात आणि डंकासमोर रांग लागते. विश्रामबागच्या मागच्या बाजूला आमचा छोटा डंक आहे. दादा आणि वहिनी तो चालवतात, मी हिशेब आणि बाहेरगावच्या ऑर्डरी बघतो. लोकांची मिरची कांडून देता देता वहिनींनी स्वतःची चटणी विकायला सुरुवात केली. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, त्यात तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धने आणि खडा मसाला. सांगली-मिरजेची गिऱ्हाइकं दुकानात येऊन नेतात. पुण्या-मुंबईला गेलेली इथलीच माणसं कुरिअरने मागवतात.

हा लेख चटणीचा आहे, तितकाच एका फॉर्मचाही आहे. त्या फॉर्मला आलेल्या उत्तरांनी मला दोन शब्दांवर आठवडाभर थांबवलं.

आमचा पहिला फॉर्म चौदा प्रश्नांचा होता. रंग कसा वाटला, चव कशी वाटली, पॅकिंग कसं वाटलं, किंमत योग्य वाटते का, असं एकेक विचारत गेलो. दोन महिन्यांत अकरा उत्तरं आली आणि त्यांतल्या सहा जणांनी निम्म्यावरच फॉर्म सोडला होता. ज्यांनी पूर्ण भरला, त्यांनी सगळीकडे "छान" लिहिलं होतं. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे समोरच्याने केलेल्या पदार्थाला तोंडावर नाव ठेवत नाहीत, आणि ज्या प्रश्नात "आवडली का?" असं असतं, तो प्रश्नच "हो" म्हणायला लावतो. "चव आणि रंग कसा वाटला?" हाही माझाच प्रश्न होता. रंग आवडला पण चव नाही, अशा माणसाने तिथे काय लिहावं?

मग चारच प्रश्न ठेवले. कुठलं पाकीट घेतलं: पाव, अर्धा की एक किलो. पाकीट उघडून साधारण किती दिवस झाले. पाचपैकी किती गुण द्याल. आणि चौथा, लिहिण्याचा: "मागच्या वेळेपेक्षा किंवा घरच्या चटणीपेक्षा काय वेगळं वाटलं?" हा चौथा प्रश्न आईने सुचवला. ती म्हणाली, "चांगली आहे का म्हणून विचारलंस तर माणूस लाजतो. वेगळी कशी आहे ते विचार, मग बोलेल." आणि लोक खरंच बोलले.

पाचवा प्रश्न खरं तर होता, पण तो गिऱ्हाइकाने भरायचा नव्हता. कुठल्या खेपेची चटणी, हे आम्हाला कळायला हवं होतं आणि पाकिटावरचा खेप क्रमांक वाचून कोणी टाइप करत बसत नाही. गूगल फॉर्ममध्ये pre-filled link काढायचा पर्याय असतो. एखादं उत्तर आपण आधीच भरून त्याचा दुवा काढून ठेवू शकतो. आम्ही तो प्रश्न शेवटच्या पानावर ठेवला, "हा बदलू नका" असं खाली लिहिलं आणि प्रत्येक खेपेचा वेगळा दुवा काढून त्याचा वेगळा क्यूआर कोड पाकिटाला चिकटवला. फेब्रुवारीची खेप, एप्रिलची आणि मेची. गाव ऑर्डरीच्या वहीतून नंतर जोडून घेतलं.

पहिल्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. स्टिकरवरून येणारी उत्तरं जवळजवळ सगळी पाकीट उघडल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांतली होती. नवं पाकीट हातात असतं तेव्हाच माणूस स्टिकर बघतो. नंतर पाकीट डब्यात तरी जातं, नाहीतर स्टिकरची नजरेला सवय होते. म्हणजे दोन महिन्यांनंतर चटणीचं काय होतं, हे आम्हाला कोणी सांगणारच नव्हतं. म्हणून ऑर्डर गेल्यापासून पंचाहत्तर दिवसांनी तोच दुवा आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागलो. पुढे जे सापडलं ते या दुसऱ्या वाटेने आलेल्या उत्तरांमुळेच. नुसता स्टिकर असता तर आजही आम्ही "सगळं ठीक आहे" म्हणत बसलो असतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत २२९ उत्तरं जमली. त्यांतली १७ काढावी लागली. एका संध्याकाळी चाळीस मिनिटांत सतरा उत्तरं आली होती. सगळ्यांत पाच गुण, चौथा प्रश्न रिकामा आणि सगळी एकाच खेपेच्या दुव्यावरून. एका मावसबहिणीने प्रेमापोटी तो दुवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तारीख-वेळेचा रकाना चढत्या क्रमाने लावला की असे पुंजके डोळ्यांत भरतात. उरली २१२.

गुणांची सरासरी ४.३. फेब्रुवारीच्या खेपेला तेवढीच, मेच्याही खेपेला जवळपास तेवढीच. त्या आकड्याकडे बघून काहीच करता येत नव्हतं. चटणीला पाचपैकी चार देणारा माणूस पुढच्या वर्षी ती घेईलच असं नाही, हे ऑर्डरीची वही सांगत होती. पुण्याची काही जुनी गिऱ्हाइकं यंदा परतलीच नव्हती. म्हणून गुणांचा रकाना बाजूला ठेवला आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं वाचायला बसलो.

सुरुवातीला मी आळस केला. शीटमध्ये "तिखट" हा शब्द शोधला, मग "वास", मग "खवट". "खवट" पाच ठिकाणी सापडला. पाचच, म्हणून सोडून दिला. पण लोक एका गोष्टीला एकच शब्द वापरत नाहीत. कोणी खवट लिहितो, कोणी खौट. निम्मी माणसं रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि त्यातही प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. आणि बहुतेकांना तर हा शब्द सुचतच नाही. ते लिहितात, "जुनी वाटली", "पहिल्यासारखी नाही", "वासात फरक आहे", "तेल सुटलंय आणि कडसर लागते". शब्द शोधून हे सापडणार नव्हतं. वाचावंच लागणार होतं.

मग ठरवलं की हातानेच खुणा करायच्या. आधी पन्नास उत्तरं नुसती वाचली, एकही खूण न करता. त्यांतून सात नावं निघाली: तिखट जास्त, तिखट कमी, रंग, खवट, गुठळ्या, मीठ, पॅकिंग. आठवं नाव ठेवलं "कळलं नाही". हे आठवं सगळ्यांत कामाचं ठरलं, कारण ते नसलं की माणूस कुठल्यातरी खान्यात उत्तर कोंबून मोकळा होतो. एका उत्तराला दोन खुणाही चालतील असं ठरवलं.

उत्तरांच्या दोन प्रती छापल्या. एक माझ्यासाठी, एक वहिनींसाठी. एकमेकांच्या खुणा बघायच्या नाहीत, एवढीच अट. मी टेबलावर बसून दोन रात्रींत संपवलं. वहिनींनी दुपारी डंक थांबला की पंख्याखाली बसून चार दिवसांत केलं.

पाचव्या दिवशी दोन्ही गठ्ठे समोरासमोर ठेवले. बहुतेक ठिकाणी आमचं जमलं होतं. रंगाला रंग, मिठाला मीठ. पण एका ठिकाणी मोठा फरक दिसला. माझ्याकडे "तिखट जास्त" ३८ आणि "खवट" १४ होते. वहिनींकडे "तिखट जास्त" २१ आणि "खवट" ३१. म्हणजे सतरा उत्तरं मी तिखटात टाकली होती आणि त्यांनी खवटात.

एकेक काढून बघितलं. त्या सतरांपैकी अकरा उत्तरांत एकच गोष्ट होती: "घशाला लागते". कुठे "घसा धरतो", कुठे "खाल्ल्यावर खोकला येतो". मी म्हटलं, "वहिनी, घशाला लागते म्हणजे तिखटच की."

"नाही भावजी," त्या म्हणाल्या. "तिखट जिभेला लागतं, ओठाला लागतं, नाकातून पाणी काढतं. घशाला लागतं ते तिखट नव्हे. खोबरं गेलंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी उठून फडताळातून एक पाव किलोचं पाकीट आणलं. कोणीतरी परत केलेलं, आठ-नऊ महिन्यांचं. चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. जिभेवर ठेवलं तेव्हा फारसं काही जाणवलं नाही. गिळलं आणि घशाच्या मागच्या बाजूला कोरडी, खरखरीत आग उठली. ती बराच वेळ गेली नाही. मग ताजी चटणी दिली. ती जिभेला चांगलीच झोंबली, पण घसा स्वच्छ होता.

सुक्या खोबऱ्यात आणि तिळात तेल भरपूर. कांदा तळतो ते तेल वेगळं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की तेल हळूहळू विटतं आणि विटलेलं तेल घशाला धरतं. वहिनींना हे पंचवीस वर्षांच्या हातामुळे माहीत होतं. मला माहीत नव्हतं म्हणून मी तक्रारीला चुकीचं नाव देत होतो. माझ्या खुणांवर विश्वास ठेवला असता तर पुढच्या खेपेत संकेश्वरी कमी करून ब्याडगी वाढवली असती. घसा तसाच धरला असता आणि तिखट आवडणारी गिऱ्हाइकंही गेली असती.

आम्ही खुणांची व्याख्या लिहून काढली: जीभ, ओठ, नाक म्हणजे तिखट; घसा, खोकला, "जुनी", "वासात फरक" म्हणजे खवट. दोन्हींतलं काही नसेल तर "कळलं नाही". त्याप्रमाणे सगळी उत्तरं पुन्हा चाळली. खवट ३१ वर कायम राहिलं.

आता हे ३१ कुठे बसलेत ते शोधायचं होतं. शीटमध्ये खुणांचा रकाना होता, पाकिटाचा होता, खेपेचा होता, गावाचा होता. लागली ती एवढीच सूत्रं:

```
=COUNTIFS(D:D,"1 किलो",G:G,"*खवट*")
=COUNTIF(D:D,"1 किलो")
```

पहिलं एक किलोवाल्यांतले खवट मोजतं. तारांकन यासाठी की त्या खान्यात आणखी एखादी खूण असली तरी मोजणी व्हावी. दुसरं सूत्र एकूण एक किलोवाले किती ते सांगतं. दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. ही चूक मी आधी केली होती.

पहिला संशय खेपेवर होता. एखाद्या खेपेला खोबरंच जुनं आलं असेल. पण फेब्रुवारीच्या ६६ उत्तरांत खवट ९, एप्रिलच्या ८० मध्ये १२, मेच्या ६६ मध्ये १०. सगळीकडे साधारण सातात एक. खोबऱ्याच्या व्यापाऱ्यावरचा संशय तिथेच सुटला, आणि बरं झालं, कारण दादा त्याला बोलायला निघालाच होता.

मग गाव बघितलं. सांगली-मिरज आणि आसपासच्या ११४ उत्तरांत ९, पुण्या-मुंबईच्या ९८ मध्ये २२. इथे मात्र फरक मोठा होता. दादा लगेच म्हणाला, "कुरिअरच्या गाडीत उन्हात पडून राहतं, दुसरं काय." पटण्यासारखं होतं. एप्रिल-मेचं ऊन आणि बंद गाडी. पण तसं असतं तर पाकीट हातात आल्याबरोबरच वास यायला हवा होता. पुण्या-मुंबईच्या ज्या ४० जणांनी पाकीट उघडल्यावर महिन्याच्या आत उत्तर दिलं होतं, त्यांच्यात खवट दोनच. म्हणजे चटणी पोहोचते तेव्हा चांगलीच असते. बिघडते ती त्यांच्या घरी गेल्यावर.

मग पाकिटाचा रकाना. पाव किलो ८२ मध्ये ४. अर्धा किलो ६० मध्ये ६. एक किलो ७० मध्ये २१. आणि त्या ७० मधले ५४ पुण्या-मुंबईचे. कुरिअरचा खर्च एकदाच लागावा म्हणून ती माणसं मोठं पाकीट मागवतात. घरात माणसं तीन-चार, तीही रोज भाजी-आमटी करतीलच असं नाही. त्यामुळे पाकीट महिनोन् महिने चालतं. गाव हे खरं कारण नव्हतं आणि वजनही नव्हतं. दोन्हींच्या मागे एकच गोष्ट उभी होती: उघडलेलं पाकीट किती दिवस राहतं.

ते तपासायला फक्त एक किलोवाले घेतले आणि दिवसांप्रमाणे वेगळे केले. महिन्याच्या आतले २८, त्यांत खवट ३. एक ते दोन महिन्यांतले २२, त्यांत ६. दोन महिन्यांच्या पुढचे २०, त्यांत १२. वजन तेच, खेपा त्याच, आणि दिवसांबरोबर तक्रार चढत गेलेली. अर्धा किलोवाल्यांत दोन महिन्यांच्या पुढचे आठच होते, त्यांत चार. आठ हा फार लहान आकडा आहे. दोन माणसांनी वेगळं लिहिलं असतं तरी चित्र पालटलं असतं. म्हणून त्याला मी पुरावा म्हणत नाही. तो उलट्या दिशेला जात नव्हता, एवढंच समाधान.

तरीही एक प्रश्न राहत होता. घरची वर्षाची चटणी वर्षभर टिकते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरते आणि शेवटच्या चमच्यालाही वास असतो. मग आमचीच दोन महिन्यांत का जावी? हे फॉर्म सांगू शकत नव्हता, कारण आम्ही ते विचारलंच नव्हतं. म्हणून त्या एकवीस जणांतल्या नऊ जणांना वहिनींनी फोन लावले. एकच प्रश्न विचारला: "चटणी कशात ठेवलीय, ताई?"

सात जणांनी सांगितलं, त्याच पाकिटात. तोंड दुमडून रबर लावलेलं, गॅसच्या शेगडीजवळच्या मांडणीवर. रोज पाकीट उघडायचं, चमचा घालायचा, पुन्हा दुमडायचं. एकीने तर कौतुकाने सांगितलं की पाकीट पारदर्शक आहे ते बरं, किती उरलीय ते दिसतं.

वहिनी फोन ठेवून गप्प बसल्या. आमच्या घरी चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरतात. पोकळी राहू द्यायची नाही. मध्येमध्ये आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि अंधाऱ्या फडताळात ठेवायची. रोजच्या वापराला आठवड्यापुरती छोट्या डब्यात काढायची. बरणीला रोज हात लावायचा नाही. हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की पाकिटावर लिहायला हवं असं कधी वाटलंच नाही. चटणी आम्ही विकत होतो, पण ती ठेवायची रीत घरातच राहिली होती.

ज्यांनी यंदा ऑर्डरच दिली नाही, त्यांनाही मी फोन केले. फॉर्म त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण त्यांच्या हातात नवं पाकीट नसतं. पंधरा जणांना लावले, अकरा जण बोलले. चौघांनी जवळजवळ एकच सांगितलं: "अहो, गेल्या वर्षीचंच अजून आहे. पण आता वापरावंसं वाटत नाही." कोणीही तक्रार केली नव्हती. त्यांनी नुसतं घेणं थांबवलं होतं.

नोव्हेंबरपासून एक किलोचं पाकीट बंद केलं. किंमत तीच ठेवून पाव किलोची चार पाकिटं एका पिशवीत देतो. पाकीट पारदर्शक नाही. पाठीमागे वहिनींच्या शब्दांत तीन ओळी छापल्या आहेत: बरणीत दाबून भरा, अंधारात ठेवा, आठवड्याची वेगळी काढा. पॅकिंगचा खर्च वाढला आणि दादा अजून त्यावर कुरकुरतो.

फरक पडला का, हे सांगायला मी घाई करणार नाही. डिसेंबर-जानेवारीत आलेल्या उत्तरांत खवट कमी आहे हे खरं. पण हिवाळ्यात चटणी तशीही कमी विटते. गेल्या वर्षीची उत्तरं उन्हाळा आणि पावसाळ्यातली होती. त्यांच्याशी थंडीतली ताडून बघणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. येत्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेच दिवस, तेच पंचाहत्तर दिवसांनंतरचे दुवे आणि त्याच व्याख्येने केलेल्या खुणा एकमेकांशेजारी ठेवता येतील. त्यासाठी चार प्रश्नांचे शब्द मी मुळीच बदललेले नाहीत. एक शब्द सुधारायचा मोह होतो, पण प्रश्न बदलला की जुनी उत्तरं त्याच्याशी ताडता येत नाहीत. एक नवा प्रश्न तेवढा शेवटी जोडला: चटणी कशात ठेवता?

खुणा अजूनही आम्ही दोघं वेगवेगळ्या करतो. महिन्याला तीस-चाळीस उत्तरं असतात, एका दुपारचं काम. परवाच्या गठ्ठ्यात बाणेरहून एक उत्तर होतं: "यावेळी चटणी जरा गप्प वाटते." मी कमी तिखटात टाकायला निघालो होतो, पण हात थांबला. वहिनींचा कागद बघितला. त्यांनी त्या ओळीसमोर "कळलं नाही" लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"लसूण कमी पडला असेल का?" मी विचारलं.

"असेल. नाहीतर कांदा नीट तळला गेला नसेल, थंडीत ओल राहते." त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि ऑर्डरीची वही माझ्यापुढे सरकवली. "नंबर काढा भावजी. गप्प म्हणजे काय, ते तिलाच विचारते."